वाक्याची लांबी आणि निवेदनाची लय

मराठी वाक्य बहुधा क्रियापदाने संपते. त्यामुळे सारख्या लांबीची वाक्ये सलग आली की तोच शेवट ठराविक अंतराने कानावर आदळतो आणि निवेदन एकसुरी होते. भंडारा जिल्ह्यातील पुराचे हे वर्णन पाहा : ‘वैनगंगेचे पाणी वाढले होते. बांधीत धान रोवलेले होते. सखाराम बांधावर उभा होता. बांध अचानक फुटला होता.’ प्रत्येक वाक्य 4 शब्दांचे आहे. म्हणून बांध फुटण्याची घटनाही इतर तपशिलांइतकीच सपाट वाटते.

आता हे वाचा : ‘वैनगंगेचे वाढते पाणी नुकत्याच रोवलेल्या धानाकडे सरकताना पाहत सखाराम हातातले फावडे घट्ट धरून बांधावर उभा होता. बांध फुटला.’ ‘सरकताना’, ‘पाहत’, ‘धरून’ ही धातुसाधिते वाक्याचा शेवट लांबवतात. 16 शब्दांनंतर येणारी 2 शब्दांची घटना म्हणूनच ठसते. ‘अचानक’ची गरज उरत नाही.

माझ्या मते, परिणाम आखूडपणाचा नसून विरोधाचा असतो. अशी चार आखूड वाक्ये सलग लिहिली, तर तीही एकसुरीच होतील. आपल्या मसुद्यात प्रत्येक वाक्याची शब्दसंख्या समासात मांडा. आकडे सारखेच येत असतील, तर निर्णायक घटना कोणती ते ठरवा आणि तिचेच वाक्य वेगळ्या लांबीचे करा.