पटकी : रुग्णालयाच्या वाटेवरचे मृत्यू

पटकीविषयीच्या जागतिक आकडेवारीत २०२४ साली एक विसंगती ठळकपणे पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेकडे त्या वर्षी साठ देशांतून साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. आदल्या वर्षीच्या तुलनेत ही वाढ सुमारे ५ टक्के होती. मृत्यूंची संख्या मात्र जवळपास ५० टक्क्यांनी वाढून सहा हजारांच्या पुढे गेली. रोग फारसा वाढला नाही, पण माणसे अधिक मेली. त्या मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरी किंवा वाटेत झाले.

वेळेवर उपचार मिळाल्यास पटकीने दगावणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याच्या आत राहते, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. तेव्हा या मृत्यूंचे कारण औषधशास्त्रात सापडणार नाही. ते रुग्णाचे घर आणि रुग्णालयाची खाट यांच्यामधल्या काही तासांत शोधावे लागते.

झांबियाची राजधानी लुसाका हे त्याचे अलीकडचे उदाहरण. तेथे ऑक्टोबर २०२३ मध्ये साथ जाहीर झाली आणि पावसाळ्यात ती दाट वस्त्यांमध्ये झपाट्याने पसरली. जानेवारीत शाळा उघडणे लांबणीवर पडले आणि नॅशनल हीरोज स्टेडियममध्ये मोठे उपचार केंद्र उभारावे लागले. साथ ओसरेपर्यंत देशभरात २३ हजारांहून अधिक रुग्ण आणि सातशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. साथीच्या ऐन भरात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे उपचार केंद्राबाहेरचे होते. स्टेडियममध्ये सलाईनच्या बाटल्या होत्या, परिचारिका होत्या. पण मध्यरात्री जुलाब सुरू झालेला माणूस सकाळी वाहन मिळेपर्यंत काय पीत होता, या प्रश्नाचे उत्तर त्या केंद्राकडे नव्हते. म्हणूनच अशा साथींत आता मोठ्या केंद्रांच्या जोडीने वस्तीवस्तीत जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे, छोटे थांबे उभारले जातात.

हे काही तास किती निर्दयपणे सरतात, हे एका काल्पनिक पण नमुनेदार रुग्णावरून समजते. साठ किलो वजनाच्या, एरवी धडधाकट असलेल्या प्रौढाला रात्री अकराला पहिला जुलाब होतो. दोन-तीन वेळा झाल्यावर मळाचा रंग आणि वास नाहीसा होतो आणि तांदळाच्या धुवणासारखे, पांढुरक्या कणांचे पाणी वाहू लागते. तीव्र पटकीत प्रौढाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पहाटे दोनच्या सुमारास तीन लिटर, म्हणजे वजनाच्या ५ टक्के पाणी गेलेले असते. तोंडाला कोरड पडते, डोळे खोल जातात, लघवी कमी होते. पाचच्या सुमारास तूट सहा लिटरवर पोहोचते. मनगटावरची नाडी क्षीण होते किंवा लागतच नाही, पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो, हातपाय गार पडतात. यापुढे रक्ताभिसरण कोसळते. झोपण्यापूर्वी ठणठणीत असलेला माणूस उजाडेपर्यंत मरणाच्या दारात जातो, तो असा.

घरच्यांची फसगत बहुधा या तासांच्या पूर्वार्धातच होते. पटकीत सहसा ताप नसतो, पोटात फारशी कळ नसते, मळात रक्त नसते. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो आणि ‘सकाळी बघू’ असेच म्हणतो. लहान मुलाला जुलाब लागले की घर जागे होते. कर्त्या पुरुषाच्या किंवा बाईच्या बाबतीत संकोच आडवा येतो. मग जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते. तिने या रोगात पाण्याची तूट भरून निघत नाही, उलट आतड्यात पाणी साठत राहते आणि धोका दिसेनासा होतो. साथ सुरू असलेल्या भागात प्रौढाला धुवणासारखे जुलाब होणे, एवढीच गोष्ट हालचालीस पुरेशी मानली पाहिजे. मळाच्या तपासणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

हालचाल म्हणजे दोन कामे, आणि ती एकाच वेळी. वाहन बोलावणे आणि पाजणे. ‘घरीच जलसंजीवनी द्या’ एवढाच सल्ला अपुरा आहे, कारण तीव्र रुग्णाला शिरेतून द्रव लागतोच. ‘ताबडतोब रुग्णालयात न्या’ एवढाच सल्लाही अपुरा आहे, कारण त्या वाटेत लिटरमागून लिटर गमावले जातात. सार्वजनिक आरोग्याच्या फलकांवर ही दोन वाक्ये बहुधा वेगवेगळी लिहिलेली असतात आणि लोक त्यांतले सोयीचे तेवढे उचलतात.

पाजण्याने खरोखर काय साधते, याचा निर्वाळा १९७१ साली मिळाला. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत तयार करून ठेवले. पाजण्याचे काम नातेवाइकांनी केले. तेथील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. कारण असे की पटकीचे विष आतड्यातून क्षार आणि पाणी बाहेर ओतते, पण ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आत ओढून घेणारी आतड्याची यंत्रणा ते मोडत नाही. सोडियमपाठोपाठ पाणी आत जाते. यासाठी दोघांचे प्रमाण नेमके असावे लागते. नुसते पाणी टिकत नाही. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यातच पाणी खेचते.

घरी चुकते ते दोन ठिकाणी : मिसळण्यात आणि मात्रेत. भारतात मिळणारे सुमारे २१ ग्रॅमचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ते पेलाभर पाण्यात ओतले तर द्रावण घातक ठरण्याइतके खारट होते, आणि अर्धे अर्धे करून वापरले तर अंदाज चुकतो. पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीन टाकलेले हवे. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरण्यास भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, त्यामागे हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांचा प्रदीर्घ पाठपुरावा होता. घरात पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाकीट हाती येईपर्यंत चालते. त्यात पोटॅशियम नसते, म्हणून ते पर्याय नव्हे, तात्पुरता पूल. मीठ घातलेली तांदळाची पातळ पेजही उपयोगी आहे. तांदळापासून बनवलेली जलसंजीवनी पटकीत चांगली लागू पडते. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम फारच कमी असते. त्यावर भिस्त ठेवू नये.

मात्रेचा आकडा ऐकून बहुतेक घरे चकित होतात. पाण्याची तूट दिसू लागलेल्या, पण पिऊ शकणाऱ्या रुग्णाला पहिल्या चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर द्यावे, असा दंडक आहे. वरच्या साठ किलोच्या रुग्णासाठी हे साडेचार लिटर होतात. म्हणजे जवळजवळ दर दहा मिनिटांनी एक पेला, चार तास न थांबता. शिवाय प्रत्येक जुलाबानंतर आणखी पाव लिटर. तहान लागली की दोन घोट, या पद्धतीने हा हिशेब कधीच जुळत नाही. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. उलटी होते म्हणून पाजणे बंद करणे, हीच घरातली सर्वांत महागडी चूक. मात्र रुग्ण गुंगीत असेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काही ओतू नये. द्रव श्वासनलिकेत जाईल.

वाहनात बाटली सोबत हवी आणि पाजणे चालूच राहायला हवे. नाडी क्षीण होणे, कित्येक तास लघवी न होणे, उभे राहता न येणे, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच राहणे ही चिन्हे दिसली, तर वेळ संपत आली आहे असे समजावे. वृद्धांची कातडी एरवीही सैल असते, त्यामुळे त्यांच्यात ही शेवटची खूण फसवी ठरते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किती द्रव सोसवेल हे घरी ठरवता येत नाही, म्हणून त्यांनी घोट घेत घेत सर्वांत आधी निघावे. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पोहोचताच डॉक्टरांना सांगावे. मधुमेहींनी साखरेच्या भीतीने जलसंजीवनी टाळू नये. त्या वेळी धोका पाणी जाण्याचा असतो.

रुग्णालयात पुढचे काम वेगाने होते, तसे ते झाले पाहिजे. तीव्र तूट असलेल्या या रुग्णाला रिंगर लॅक्टेट पहिल्या अर्ध्या तासात १.८ लिटर आणि पुढच्या अडीच तासांत ४.२ लिटर द्यायचे असते. गरज पडल्यास दोन्ही हातांना सुया लावतात. नुसत्या ग्लुकोजचे सलाईन येथे निरुपयोगी. एक बाटली सावकाश लावून ‘सलाईन चालू आहे’ असे समाधान मिळत असेल तर नातेवाइकांनी वेगाविषयी विचारणे गैर नाही. डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा जुलाबांचा काळ कमी करते, पण जीव वाचवतो तो द्रव.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. मरीआईच्या देवळांत पटकीची जुनी दहशत अजून गोठलेली आहे, आणि जुलै २०२२ मध्ये मेळघाटातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने साथ पसरून बळी गेले. तशा गावांत आशाताईंकडची पाकिटे आणि १०८ ची रुग्णवाहिका यांच्यामधले अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजावे लागते.

दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून गावाकडच्या आईवडिलांची चौकशी करणाऱ्याला हाच हिशेब फोनवर करता येतो. ‘बरं वाटतंय का’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी शेवटची लघवी केव्हा झाली, किती पेले प्यायलात, आधार न घेता उभे राहता येते का, जुलाबाचा रंग कसा आहे, हे विचारावे. सहा तासांत लघवी नाही किंवा पाणी धुवणासारखे आहे असे उत्तर आले, तर पुढचा फोन शेजाऱ्याला करावा. एकाने गाडी काढावी आणि दुसऱ्याने जलसंजीवनीची बाटली भरावी.