उधारीच्या चेकला तुरुंगाची कडी

कॅम्पमध्ये एक वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं: "चेक बाऊन्स झाला तर सरळ आत." कोणी ते धाक घालायला म्हणतं, कोणी काळजीने. आजच्या घडीला अमिरातीत हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं जुनं झालंय. त्यातलं जुनं कुठलं ते समजून घेताना तुरुंग नेमका कशासाठी असतो याचाही विचार होतो, म्हणून यावेळी हा विषय.

तुरुंगाची कामं साधारण चार सांगतात. गुन्ह्याची शिक्षा देणं, इतरांना जरब बसवणं, धोकादायक माणसाला समाजापासून दूर ठेवणं, आणि माणूस सुधारून परत पाठवणं. खून, दरोडा, मारहाण यांच्यासाठी ही चार कामं किती होतात यावर दीडशे-दोनशे वर्षं वाद चालू आहे. पण पगार बंद झाल्यामुळे बँकेचा हप्ता चुकलेल्या माणसाला आत टाकलं, तर या चारपैकी कुठलं काम होतं? हा हिशोब मांडून बघू.

समजा 2010 साल आहे. सांगलीकडचा एक सुपरवायझर दुबईत आहे, पगार 5,500 दिरहम. बहिणीचं लग्न आणि गावाकडचं घर, म्हणून त्याने 80,000 दिरहमचं कर्ज घेतलं. चार वर्षांची मुदत, हप्ता 1,950. बँकेने कर्जाच्या कागदांबरोबर एका चेकवर सही घेतली, तारीख नाही. हा "सिक्युरिटी चेक". सही करताना तो कोणालाही फसवत नाहीये. पगार येतोय, हप्ता जाईल, असाच त्याचा हिशोब आहे. दहा हप्ते गेले, म्हणजे 19,500 दिरहम. अकराव्या महिन्यात प्रोजेक्ट बंद पडला आणि कंपनीने माणसं कमी केली. दोन हप्ते चुकल्यावर बँकेने चेकवर तारीख घातली, चेक लावला, तो परत आला, आणि पोलिसांत तक्रार गेली. त्या काळी खात्यात पैसे नसताना दिलेला चेक हा फौजदारी गुन्हा होता. चेक कशासाठी दिला होता, नोकरी का गेली, या गोष्टी गुन्हा ठरवताना फारशा मोजल्या जात नसत.

आता समजा तो सहा महिने आत राहिला. बाहेर असता आणि दुसरी नोकरी मिळाली असती तर या सहा महिन्यांत साधारण 33,000 दिरहम त्याच्या हातात आले असते. तुरुंगात हातात काहीच आलं नाही. कर्ज मात्र तसंच राहिलं, कारण शिक्षा भोगली म्हणून बँकेचे पैसे फिटत नाहीत. व्हिसाची अडचण झाली ती वेगळी. म्हणजे कर्ज फेडायचं एकच साधन त्या माणसाकडे होतं, त्याचे हात, आणि तुरुंगाने तेच बांधले.

चार कामांपैकी सुधारणा इथे लागूच होत नाही. त्याच्यात सुधारायचं काय होतं? दूर ठेवण्याचाही प्रश्न नाही, तो कोणाला धोका नव्हता. राहिली जरब. इटलीच्या चेझारे बेक्कारियाने 1764 मध्ये शिक्षेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा आजही गुन्हेशास्त्रात पहिल्या पानावर शिकवतात: माणसाला शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती होणारच या खात्रीची भीती जास्त वाटते. पण जरबेच्या या सगळ्या विचारात एक गोष्ट धरलेली असते, ती म्हणजे माणूस त्या क्षणी निवड करतोय, गुन्हा करायचा की नाही. आपल्या सुपरवायझरने ती निवड कधी केली? सही केली तेव्हा गुन्हा नव्हता. चेक परत आला तेव्हा निवड उरली नव्हती. नोकरी जाणं हे काही तुरुंगाच्या भीतीने टाळता येत नाही.

उलट त्या भीतीने भलतंच घडवलं. 2008-09 च्या मंदीत दुबई विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. नोकरी गेलेला माणूस विचार करायचा: बँकेत जाऊन "हप्ता कमी करा, वेळ द्या" म्हणालो आणि ते पोलिसांत गेले तर? त्यापेक्षा रात्रीचं विमान बरं. जो माणूस थांबून थोडंथोडं फेडू शकला असता तो पळाला. बँकेला काहीच मिळालं नाही, आणि माणसाला परत येण्याची वाट राहिली नाही. आपल्यातल्याही काहींनी हे केलं, आणि आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही.

मग हा तुरुंग नेमकं काय काम करत होता? आमचं मत स्पष्ट आहे: तो वसुलीचं काम करत होता. माणूस आत गेला की गावाकडे फोन जातो. भाऊ शेत गहाण टाकतो, बायको दागिने मोडते, सासरा सोसायटीतून पैसे उचलतो. कैदी हा तारण असतो आणि पैसे भरणारा दुसराच कोणी. इंग्लंडमध्येही हेच चालायचं. 1824 मध्ये चार्ल्स डिकन्सचे वडील उधारीपायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवू लागला. पुढे 1869 च्या कायद्याने इंग्लंडने उधारीसाठीचा तुरुंग बहुतेक बंद केला.

तुरुंगाच्या आत काय घडतं हेही बघायला हवं, कारण न्यायालय लिहितं फक्त "सहा महिने". ग्रेशम साइक्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यू जर्सीच्या ट्रेंटन इथल्या तुरुंगाचा अभ्यास करून 1958 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की मारहाण थांबली म्हणून तुरुंगाचा त्रास थांबत नाही. स्वातंत्र्य जातं, वापरायच्या साध्या वस्तू जातात, जोडीदाराचा सहवास जातो, स्वतःचे निर्णय जातात आणि सुरक्षितपणा जातो. या पाच गोष्टी जाण्याने माणसाची स्वतःबद्दलची समजूतच खचते, आणि ती सावरायला कैदी आपसात वेगळे नियम, वेगळी दुनिया उभी करतात. त्या दुनियेत टिकायला जे शिकावं लागतं ते बाहेर उपयोगी पडत नाही, बहुतेक वेळा नडतंच. साइक्सने हे त्याच देशातल्या कैद्यांबद्दल लिहिलं होतं. आपला माणूस आत असतो तेव्हा भेटायला येणारं कोणी नसतं, कागद अरबीत असतात, आणि घरच्या फोनसाठी आधी कार्डाचे पैसे जमवावे लागतात. कागदावरची शिक्षा सारखीच दिसते, पण परक्या मुलखात ती जड पडते. सुटल्यावर बऱ्याचदा थेट विमानात बसवतात, म्हणजे पुन्हा उभं राहण्याचा भाग कोणाच्याच हिशोबात नसतो.

दुसरी पद्धत असू शकते का? यासाठी लांब जायला नको. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1939 मध्ये औंध संस्थानच्या राजांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या पुढाकाराने, तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही. शेती करायची, बायकापोरांसोबत राहायचं. व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आंखें बारह हाथ' याच प्रयोगावरून आलाय. स्वतंत्रपुरात सगळ्या कैद्यांना ठेवता येत नाही, निवडूनच ठेवतात, हे खरं. पण खुनातल्या माणसाला कमवू द्यावं आणि हप्ता चुकलेल्याला कोठडीत बसवावं, हे गणित आम्हाला कधीच सुटलेलं नाही.

अमिरातीने शेवटी हे गणित बदललं. 2 जानेवारी 2022 पासून, खात्यात पैसे कमी म्हणून चेक परत आला तर एवढ्यावर तो फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. खात्यात जेवढे असतील तेवढे बँकेने द्यायचे, आणि उरलेल्यासाठी चेकधारकाने थेट अंमलबजावणी न्यायालयात जायचं. (आपल्याकडे भारतात मात्र कलम 138 खाली चेकसाठी दोन वर्षांपर्यंतची कैद अजून पुस्तकात आहे, हे जाता जाता.)

पण "आता जेल नाही" हे ऐकून कोणी निर्धास्त होऊ नये. न्यायालय पगारावर आणि खात्यावर जप्ती आणू शकतं, प्रवासबंदी घालू शकतं. ऐपत असून देत नाही असं न्यायाधीशाला दिसलं तर अटकेचा आदेशही निघू शकतो. आणि काही गोष्टी अजून गुन्हाच आहेत: चेक वटायच्या आत खातं बंद करणं किंवा सगळे पैसे काढून घेणं, बँकेला विनाकारण "पैसे देऊ नका" सांगणं, मुद्दाम चुकीची सही करणं. नोकरी गेल्यावर घाबरून माणूस नेमकं हेच करतो, एटीएमवर जाऊन खातं रिकामं करतो आणि तिकीट काढतो. जुन्या भीतीतली ही सवय नव्या कायद्यात सगळ्यात महाग पडते. त्याऐवजी नोकरी गेल्याचं पत्र घेऊन बँकेत जा, हप्ता पुन्हा बांधून मागा, आणि मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. पैसे नाहीत हे सिद्ध करायला पुढे तोच कामी येतो.

कोणी दुसऱ्या कुठल्या गुन्ह्यात आत असेल तर दोन गोष्टी त्याच्यापर्यंत पोचवा. अटक झाल्यावर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलाय, पण तो मागावा लागतो, म्हणून तोंडाने आणि लिहून मागा. दुसरं, भारताचा 2003 चा कैदी हस्तांतर कायदा आहे आणि 2011 मध्ये अमिरातीशी तसा करारही झालाय. उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात, घरच्यांच्या जवळ भोगता येते. त्यासाठी निकाल अंतिम हवा, साधारण सहा महिने तरी शिक्षा उरलेली हवी, दुसरी केस चालू नको, कैद्याची संमती हवी आणि दोन्ही सरकारांचा होकार हवा. अपील चालू असताना अर्ज पुढे सरकत नाही, आणि कागद फिरण्यात वेळ जातो, त्यामुळे लहान शिक्षेवाल्याला याचा उपयोग क्वचितच होतो. मोठी शिक्षा असेल तर निकाल अंतिम झाल्याझाल्या अर्ज करावा.

ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी बँकेकडून क्लिअरन्स लेटर घ्या आणि तो सही केलेला चेक परत मागा. "सापडत नाही" म्हणाले, तर तेही लेखी घ्या.