मी नाना झालो, पण कुणाचा?

गेल्या आठवड्यात मुलीला मुलगी झाली आणि मी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला दोन वाक्यं टाकली : ‘अल्हम्दुलिल्लाह, नवासी आली. आजपासून मी नाना.’ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिळालेली ही बढती आहे. ना अर्ज, ना सेवाज्येष्ठता यादी!

उर्दू वाचणाऱ्यांनी लगेच मुबारकबाद दिली. मराठी मित्रांकडून मात्र आधी प्रश्न आले. हिंदी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने विचारलं, “नवासी म्हणजे एकोणनव्वद ना? कशाचे मार्क?” त्यांचं काही चुकलं नव्हतं. हिंदी-उर्दूत एकोणनव्वदला नवासीच म्हणतात, आणि मुलीच्या मुलीलाही नवासीच म्हणतात. दुसऱ्याने लिहिलं, “नाना, आता पेठ कधी वसवताय?” पुण्यात हा विनोद होणारच. नाना पेठेचं नाव ज्यांच्यावरून पडलं, ते नाना फडणवीस मूळचे बाळाजी जनार्दन भानू. मराठीत ‘नाना’ हे घरातल्या कुणाही वडीलधाऱ्याचं आदराचं नाव असतं. त्यासाठी नातवंड असावंच लागतं असं नाही. आमच्या घरात मात्र नाना म्हणजे आईचे वडील आणि दादा म्हणजे वडिलांचे वडील.

वर्गात हा फरक दरवर्षी भेटतो. उर्दू माध्यमाचं मूल मराठीच्या निबंधात लिहितं, ‘माझे दादा सत्तर वर्षांचे आहेत. ते मला गोष्टी सांगतात.’ तपासणाऱ्याला वाटतं, मोठा भाऊ सत्तर वर्षांचा कसा? मग लाल रेघ येते आणि वर ‘आजोबा’ लिहिलं जातं. व्याकरण तर सगळं बरोबर आहे, क्रियापदही आदरार्थी आहे. खोडली गेलेली गोष्ट असते ती मुलाच्या घरातली हाक. माझं मत असं की तिथे रेघ मारू नये. समासात ‘म्हणजे आजोबा’ एवढं लिहावं. मुलाला दुसरा शब्द मिळतो आणि पहिला जात नाही.

‘आजोबा’ हा शब्द मला परका नाही, गोडच आहे. पण तो दोन्ही बाजूंना सारखा चालतो. तसंच ‘नात’चंही. मुलाची मुलगी नात आणि मुलीची मुलगीही नात. उर्दूत त्या पोती आणि नवासी अशा दोन होतात. म्हणून उर्दूच श्रीमंत, असं कुणी म्हणू नये. आईचं आणि वडिलांचं घर मराठीही वेगळं ओळखते, फक्त ती खूण माणसावर न ठेवता घरावर ठेवते. आईच्या आईवडिलांचं घर म्हणजे आजोळ. उर्दूत त्याला ननिहाल म्हणतात. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, ही रीत आमच्यात आणि शेजारच्या मराठी घरांत एकच आहे. त्यामुळे बहुतेक पहिल्या बाळांचा मुक्काम आधी आजोळीच पडतो. आमचीही सव्वा महिना इथेच आहे, आणि घराचं वेळापत्रक आता तिच्या हातात आहे.

माझ्या पत्नीला ‘नानी’ की ‘आजी’, असा प्रश्न शेजारच्या काकूंनी विचारला. त्याचं उत्तर बहुधा बाळच देईल. सहा-सात महिन्यांच्या पुढे मुलं एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणतात : बाबा, मामा, दादा, नाना. रोमान जेकबसन या भाषाशास्त्रज्ञाने ‘मामा’ आणि ‘पापा’ यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. त्याचा सारांश असा की हे आवाज मुलाच्या तोंडाला सोपे असतात आणि त्यांना अर्थ देतात ती आसपासची मोठी माणसं. ‘न’ला जिभेचं टोक वर टेकलं की पुरतं. ‘आजी’तला ‘ज’ जरा कसरतीचा, तो सहसा मागाहून नीट जमतो. म्हणजे नाना-नानीची सोय भाषेने आधीच करून ठेवली आहे. फक्त एवढंच की पहिल्यांदा ती ‘नाना’ म्हणेल तेव्हा कदाचित पंख्याकडे बघत असेल. तरी मी ते माझंच धरणार आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांसाठी स्टेटस बदलावं का, असा विचार मनात आला. बदललं नाही. फक्त खाली एक ओळ वाढवली : ‘आमच्या घराचं आजोळ झालं.’ वरची ओळ उर्दू घरातली, खालची मराठी. यानंतर एकानेही अर्थ विचारला नाही. पेढे कधी, एवढंच विचारलं.