‘काही हवंय का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नको’च का येतं?

घरात कुणी आजारी असलं की दिवसातून दहा वेळा विचारलं जाणारा प्रश्न म्हणजे ‘काही हवंय का?’. भेटायला आलेले नातेवाईक निघताना म्हणतात, ‘काही लागलं तर निःसंकोच सांगा.’ वॉर्डातून राउंड घेताना डॉक्टर विचारतात, ‘आणखी काही त्रास नाही ना?’ तिन्ही ठिकाणी विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते आणि तिन्ही ठिकाणी उत्तर बहुधा एकच येतं: ‘नाही, काही नको.’ मग विचारणाऱ्याला वाटतं, आपण विचारलं आणि रुग्णाला खरंच काही नको होतं. यातला दुसरा निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो. दोष रुग्णाच्या भिडस्तपणाचा कमी आणि प्रश्नाच्या घडणीचा जास्त असतो.

‘काही हवंय का?’ या तीन शब्दांत रुग्णावर किती कामं पडतात ते पाहावं. आपल्याला नेमकं काय होतंय ते आधी त्यानं ओळखायचं. ते सांगण्याइतकं मोठं आहे का, हे ठरवायचं. समोरच्याला वेळ आहे का, तो कंटाळलाय का, याचा अंदाज घ्यायचा. आणि शेवटी मागणी करायची, म्हणजे दुसऱ्याला कामाला लावायचं. दुखणं, अशक्तपणा आणि औषधांची गुंगी असताना एवढं सगळं करण्यापेक्षा ‘नको’ म्हणणं सोपं. त्या एका शब्दात सगळं संपतं आणि आपण कुणावर ओझं नाही, हेही सिद्ध होतं.

मराठी घरात तर पहिलं ‘नको’ हा शिष्टाचारच आहे. पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असं विचारलं तर तो ‘नको, आत्ताच झाला’ म्हणणार, हे यजमानाला माहीत असतं. म्हणून तो आग्रह करतो किंवा विचारतच नाही. ‘चहा टाकलाय, साखर किती?’ एवढंच म्हणतो. उलट ‘जेवूनच आला असाल ना?’ या प्रश्नावर विनोद होतात, कारण तो कानावर पडताच उपाशी माणूसही ‘हो’ म्हणतो. प्रश्नाचा कल उत्तर ठरवतो, हे ज्ञान प्रत्येक मराठी घरात आहे. आजाऱ्याच्या खाटेजवळ मात्र आपण ते विसरतो. तिथे पहिलं ‘नको’ शिष्टाचार म्हणून येतं आणि घेतलं जातं वस्तुस्थिती म्हणून. आग्रहाची दुसरी फेरी होतच नाही.

या कलाचा प्रत्यक्ष तपासणीच्या खोलीत अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० फॅमिली डॉक्टर आणि २२४ रुग्णांवर केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांनी आपल्या तक्रारी आधीच लिहून दिल्या होत्या. मुख्य तक्रार ऐकल्यानंतर डॉक्टरांनी ‘आणखी काही बोलायचं आहे का?’ असं विचारायचं होतं. फरक एका इंग्रजी शब्दाचा होता. निम्म्या डॉक्टरांनी ‘एनीथिंग’ वापरला, निम्म्यांनी ‘समथिंग’. इंग्रजीत पहिल्या शब्दाचा कल नकाराकडे आहे, दुसऱ्याचा होकाराकडे. ज्यांच्या यादीत एकापेक्षा जास्त तक्रारी होत्या, त्यांच्यापैकी ‘समथिंग’ ऐकलेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांनी होकार दिला. ‘एनीथिंग’ ऐकलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांहून थोड्या अधिकांनी. ‘समथिंग’ वापरल्यामुळे न सांगताच राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. ‘एनीथिंग’चा परिणाम मात्र काहीच न विचारण्यापेक्षा वेगळा ठरवता आला नाही. तपासणीचा वेळही लक्षणीय वाढला नाही.

मराठीत हा प्रयोग जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण त्या दोन्ही इंग्रजी शब्दांना आपल्याकडे एकच ‘काही’ आहे. आपल्या भाषेत नकाराचा कल येतो तो ‘नाही ना?’मधून. ‘ताप नाही ना?’, ‘दुखत नाही ना आता?’, ‘औषधानं काही त्रास नाही ना?’ या प्रश्नांत अपेक्षित उत्तर लिहून दिलेलंच असतं. रुग्णानं फक्त मान हलवायची. होकाराचा कल येतो तो ‘काय’, ‘किती’, ‘कधी’ यांतून. ‘आणखी काय काय होतंय?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर व्याकरणातच बसत नाही. केसपेपरवर औषधं लिहून झाल्यावर, पेनाचं टोपण लावता लावता विचारलेल्या प्रश्नाचंही तेच. वेळच सांगते की उत्तर नको आहे.

याची किंमत काय, हे एका नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून कळेल. बहात्तर वर्षांच्या आजी, घरात पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी घरी आल्या. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाता येतं, पण कुणीतरी सोबत लागतं. सून खोलीवरून जाताना विचारते, ‘आई, काही हवंय का?’ ‘नको गं, तुझं चालू दे.’ प्रत्यक्षात आजींनी एक हिशेब केलेला असतो: पाणी प्यायलं की लघवीला जावं लागणार आणि गेलं की सुनेला उठवावं लागणार. म्हणून त्या पाणीच कमी करतात. दिवसभरात दोन कप चहा आणि गोळ्यांपुरते चार घोट.

पुढचा क्रम वैद्यकाला परिचित आहे. पाणी कमी झाल्यानं शौचाला खडा होतो. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल तर बद्धकोष्ठता आणखी वाढते. आतड्यात साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयाच्या मार्गावर येतो आणि लघवी पूर्ण सुटत नाही. गडद पिवळी, थोडी, साठून राहिलेली लघवी म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. चौथ्या-पाचव्या दिवशी आजी असंबद्ध बोलू लागतात, रात्री झोपत नाहीत, नातवाला ओळखत नाहीत. वृद्धांमध्ये संसर्गाचं पहिलं लक्षण ताप नसून असा गोंधळ असू शकतो. दुसरीकडे ‘दुखलं तर सांगा’ म्हटल्यामुळे त्या दुखणं सोसत न वळता पाठीवरच पडून राहतात आणि माकडहाडावरची कातडी लाल होऊ लागते. हे सगळं घडत असताना घरात रोज दहा वेळा ‘काही हवंय का?’ विचारलं जात होतं.

आता त्याच घरात शब्द बदलून पाहू. पहिला बदल म्हणजे परवानगी न मागता कृती जाहीर करणं. ‘आई, मी दहा मिनिटांनी येते, आपण बाथरूमला जाऊन येऊ, मग चहा.’ मागण्याची लाज संपते, कारण मागावंच लागत नाही. ठरावीक वेळा, समजा उठल्यावर, जेवणाआधी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना, हे ठरलेलं असलं की पाणी कमी करण्याचं कारणच उरत नाही. दुसरा बदल, दोनांतून एक निवडायला देणं. ‘ताक आणू की लिंबूपाणी?’ इथे ‘काही नको’ म्हणता येतं, पण ते सहज तोंडातून निघत नाही. तिसरा बदल, त्रास आहेच असं गृहीत धरून विचारणं. ‘पोट साफ होतंय ना?’ऐवजी ‘या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना पोट साफ व्हायला त्रास होतो. तुम्हाला शेवटचं कधी झालं?’ बऱ्याच जणांना होतं म्हटल्यानं लाज कमी होते आणि ‘कधी’ला दिवस सांगावा लागतो. तसंच ‘दुखत नाही ना?’ऐवजी ‘शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन न होणारं, तर कुशीवर वळताना किती दुखतं?’ पडून असताना दोन आणि वळताना आठ असेल, तर त्या का वळत नाहीत ते तिथेच कळतं. मग गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते.

भेटायला येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. सरकारी रुग्णालयाच्या आवारात सतरंजी टाकून राहणाऱ्या नातेवाइकाला ‘काही लागलं तर सांगा’ म्हणण्याचा उपयोग शून्य. ‘गुरुवारी सकाळी नऊ ते एक मी इथे बसतो, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून झोपा’ किंवा ‘आठवडाभर रात्रीचा डबा माझ्याकडून, भाकरी आणू की पोळी?’ या वाक्यांत काम, वेळ आणि माणूस तिन्ही ठरलेलं आहे. समोरच्यानं फक्त ‘बरं’ म्हणायचं. जे करता येणार नाही ते मात्र बोलू नये. ठरल्या दिवशी न येणारा मदतनीस मोघम बोलणाऱ्यापेक्षा जास्त अडचण करतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर काळजीची बळजबरी होते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं; तिथे ‘ताक की लिंबूपाणी?’ विचारण्याआधी ती मर्यादा माहीत हवी. ऑपरेशनची किंवा तपासणीची संमती घेताना तर कल असलेला प्रश्न अजिबात चालणार नाही. ‘करून टाकू ना?’ हा त्या जागी गैर प्रश्न आहे. तिथे ‘नको’ म्हणण्याची वाट मोकळी ठेवून विचारायला हवं आणि आलेलं ‘नको’ नकारच मानायला हवं.

मग शिष्टाचाराचं ‘नको’ आणि खरं ‘नको’ वेगळं कसं ओळखायचं? प्रश्न संपायच्या आत आलेलं, कारण नसलेलं, ‘तुझं चालू दे’ असं शेपूट जोडलेलं ‘नको’ बहुधा समोरच्याच्या सोयीसाठी असतं. ‘आत्ता नको, मळमळतंय’ किंवा ‘ताक नको, घसा धरतो’ असं कारणासह आलेलं ‘नको’ बहुधा खरं असतं आणि त्यातून नवी माहितीही मिळते. शंका असेल तर प्रश्नापेक्षा खाटेजवळचा तांब्या पाहावा. सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असेल, तर दिवसभराच्या ‘नको’चा अर्थ वेगळा आहे.

रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा लिहिल्या जातात. त्याखाली चार ओळी आणखी लिहायला हव्यात: आज पाणी किती प्यायलं, लघवी-शौच कधी झालं, हलताना किती दुखतं, शेवटची कूस कधी बदलली. नातेवाइकांनी रोज हेच चार प्रश्न, याच शब्दांत विचारावेत. आणि राउंड घेणाऱ्या डॉक्टरांनी ‘त्रास नाही ना?’ सोडून ‘आणखी काय काय होतंय?’ विचारावं, तेही पेनाचं टोपण लावण्याआधी.