शाळेच्या कागदावर सही करण्याआधी मुलाला विचारलंत का?

गेल्या महिन्यात टेंभी नाक्यावरच्या माझ्या क्लिनिकमध्ये एक आई तिच्या आठवीतल्या मुलाला घेऊन आली. मुलाला साधा सर्दी-खोकला होता. औषध लिहून झाल्यावर तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि विचारलं, "डॉक्टर, शाळेतून आलाय. सही करू ना?"

कागदावर लिहिलं होतं की एका अभ्यासासाठी शाळेतल्या मुलांची उंची, वजन आणि रक्ताचा नमुना घेतला जाणार आहे. सोबत खाण्यापिण्याची एक प्रश्नावली भरायची होती. तळाशी मुख्याध्यापकांची सही होती आणि वर एक ओळ: पालकांची हरकत असल्यास दोन दिवसांत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरण्यात येईल. रक्त किती घेणार, कशासाठी, अहवाल कोणाला मिळणार, त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, यातलं काहीच नव्हतं.

मी मुलाकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं रे?" त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळे देणार असतील तर मी नाही म्हटलं तर चालेल का?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय. मुलांवरच्या संशोधनात सगळ्यात अवघड भाग त्याने एका वाक्यात सांगितला होता.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपल्या कायद्यात 18 वर्षांखालचं मूल स्वतः संमती देऊ शकत नाही. संमती देतात आई-वडील किंवा कायदेशीर पालक. पण तेवढ्याने काम संपत नाही. मुलाला त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत सांगून त्याचा स्वतःचा होकार घ्यावा लागतो. त्याला असेंट म्हणतात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधारण 7 ते 11 वर्षांच्या मुलाचा होकार तोंडी घेतात, पालकांच्या समोर, आणि तशी नोंद ठेवतात. 12 वर्षांपासून 18 पर्यंत लेखी. म्हणजे आठवीतल्या त्या मुलासाठी दोन सह्या हव्या होत्या, आईची किंवा वडिलांची एक आणि त्याची स्वतःची एक. कागदावर होती मुख्याध्यापकांची.

शाळेची परवानगी म्हणजे संशोधकाला फाटकातून आत येण्याची परवानगी. ती मुलाच्या दंडात सुई टोचण्याची परवानगी होत नाही. हे दोन्ही एकच समजलं तर काय होतं, ते आपल्या देशाने एकदा पाहिलं आहे.

2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं त्यात होती. खम्मममधल्या बऱ्याच मुली आदिवासी भागातल्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. आई-वडील दूर पाड्यांवर. मग अर्जावर सही कोणी केली? वसतिगृहाच्या वॉर्डनने. नंतर केंद्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने आंध्रातले 9,543 अर्ज तपासले, तेव्हा त्यातल्या 2,763 अर्जांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या आणि 1,948 अर्जांवर अंगठे. एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला, आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक अहवाल दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या व्हॉट्सॲपवर माझंच नाव लावून भलतंच फिरेल. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत त्यांची कारणं साप चावणं, बुडणं, विषप्राशन, ताप अशी निघाली आणि लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. एचपीव्ही लस चांगली आहे, मी स्वतः पालकांना ती सुचवतो. पण लस चांगली असल्यामुळे वॉर्डनची सही बरोबर ठरत नाही. उलट, लोकांचा लसीवरचा विश्वास त्या सह्यांमुळेच गेला. आजही क्लिनिकमध्ये एखादी आई "ती लस नको, मुली गेल्या होत्या ना" असं म्हणते तेव्हा मला खम्ममचे ते अर्ज आठवतात.

वॉर्डन वाईट माणूस असेलच असं नाही. त्याला वाटलं असेल, सरकारी कार्यक्रम आहे, मुलींच्या भल्याचं आहे. पण ज्या माणसाच्या हातात मुलीचं जेवण, झोपायची जागा आणि घरी जायची रजा आहे, त्याच्यासमोर ती नाही कशी म्हणणार? आणि त्या दिवशी तिला ताप आला तर आई-वडिलांना मुळात माहीतच नाही की इंजेक्शन दिलंय.

आता नीट केलेलं काम कसं दिसतं ते बघू. 2021 च्या उन्हाळ्यात कोव्हॅक्सिनची मुलांवरची चाचणी झाली, त्यात आपल्या नागपूरचंही एक केंद्र होतं. सुमारे 525 मुलं घ्यायची होती, 2 ते 18 वर्षं वयाची. पण सगळ्यांना एकदम लस दिली नाही. आधी 12 ते 18 चा गट, मग 6 ते 12, शेवटी 2 ते 6. मोठ्या माणसांमध्ये लसीची माहिती आधीच जमलेली होती, म्हणून मोठ्या मुलांपासून सुरुवात, आणि तिथे सुरक्षित वाटल्यावरच एक पायरी खाली. सगळ्यात लहान, जे "मला छातीत कसंतरी होतंय" असं सांगूही शकत नाहीत, ते सगळ्यात शेवटी. मुलांना वाचवण्याचा मोठा भाग हा असाच, कागदावर सही होण्याआधीच चाचणीच्या रचनेत करायचा असतो. सही हा शेवटचा दरवाजा आहे, एकुलता एक नाही.

रक्ताचंही तसंच. युरोपातल्या तज्ज्ञांनी घालून दिलेली एक मर्यादा मला सोपी वाटते: संशोधनासाठी एका वेळी शरीरातल्या एकूण रक्ताच्या 1 टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत 3 टक्क्यांपेक्षा जास्त रक्त घेऊ नये. 20 किलोच्या मुलात साधारण 1,600 मिली रक्त असतं, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त 16 मिली. शाळेच्या तपासणीत 3-5 मिली घेतलं तर काहीच बिघडत नाही. बहुतेक आयांना या आकड्याने धीर येतो. पण तो आकडा कागदावर लिहिलेला हवा.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. नाही म्हटलं तर चालेल का? उत्तर आहे, हो. पालकांनी सही केली असली तरी मुलाचा नकार मानायचा. याला अपवाद आहे, पण अरुंद. समजा 9 वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग आहे, नेहमीची औषधं संपली आहेत आणि नवं औषध फक्त चाचणीतच मिळतंय. तो सुईला घाबरून नको म्हणतो. तिथे एथिक्स कमिटीच्या मान्यतेने पालक त्याच्या नकारापुढे जाऊ शकतात, कारण थेट फायदा त्याचाच आहे. शाळेतल्या रक्त तपासणीच्या अभ्यासात असा फायदा नसतो. तिथे मुलाचं नाही म्हणजे नाही.

अडचण अशी की आपली मुलं मोठ्यांसमोर नाही म्हणत नाहीत. ती गप्प बसतात, मान डोलावतात, हात पाठीमागे घेतात. त्या दिवशी पोटात दुखतं म्हणून शाळेला दांडी मारतात. अनुभवी संशोधक हे ओळखतो. तो मुलाला "समजलं ना?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. तो म्हणतो, "मी आज काय करणार आहे ते तू मला सांग." मूल म्हणालं की "तुम्ही रक्त घेणार आणि मी पास होणार," तर समजावं की होकार अजून मिळालेला नाही.

माझं एक मत आहे, आणि सगळे बालरोगतज्ज्ञ त्याच्याशी सहमत होणार नाहीत. लहान मुलांचा तोंडी होकार पालकांसमोर घेणं ठीक, पण 12 वर्षांवरच्या मुलाशी पाच मिनिटं तरी एकट्याने बोलायला हवं. आई-बाबा बाहेर, शिक्षक तर नकोतच. सही समोर झाली तरी चालेल, विचारणं एकांतात व्हावं.

हे मी सांगतोय, पण माझा हात स्वच्छ नाही. एमडी करताना बालरोग विभागातल्या एका मित्राच्या थिसिससाठी मी मुलांचं रक्त काढून द्यायचो, कारण माझा हात चांगला होता. अर्जावर बापाचा अंगठा असायचा. एका सात-आठ वर्षांच्या मुलीला आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं. तिच्या उपचारासाठी त्या रक्ताची गरज नव्हती. ती रडत होती आणि मी तिला "झालं झालं" म्हणत होतो. तेव्हा असेंट हा शब्द आम्हाला कोणी शिकवला नव्हता, हे खरं. पण ती नको म्हणतेय हे कळायला शब्द लागत नव्हता.

पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून केईएम रुग्णालयाचा एक अभ्यास चालू आहे. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पुढे वर्षानुवर्षं तपासली गेली. सुरुवातीची संमती आई-वडिलांची, मूल मोठं झाल्यावर त्याचा होकार, आणि 18 पूर्ण झाल्यावर त्याची स्वतःची संमती. जन्माआधी कोणीतरी हो म्हटलं होतं म्हणून ते आयुष्यभर बांधलेले नाहीत. दर टप्प्यावर पुन्हा विचारलं जातं.

त्या आईला मी सही करू दिली नाही. कागदावर दिलेल्या नंबरवर फोन केला. तिकडे एक पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर होती, आवाजावरून घाबरलेली. एथिक्स कमिटीची मान्यता तिच्याकडे होती, पालकांसाठी मराठी माहितीपत्रकही होतं. शाळेने "एवढं कोण वाचणार" म्हणून ते आटोपशीर करून स्वतःच्या लेटरहेडवर पाठवलं होतं. पुढच्या आठवड्यात मूळ चार पानी पत्रक आणि मुलांसाठीचं वेगळं एक पान घरोघरी गेलं. त्यात रक्त 4 मिली, हिमोग्लोबिनचा अहवाल पालकांना, आणि तळाशी कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर होता.

परवा मुलगा कानाला दडा बसला म्हणून पुन्हा आला होता. मी विचारलं, काय केलंस? म्हणाला, उंची-वजन दिलं, प्रश्नावली भरली, रक्ताला नाही म्हटलं. वर्गातल्या आणखी चौघांनीही नाही म्हटलं.

"मॅडम रागावल्या का?"

"नाही. त्यांनी फक्त कागदावर लिहून घेतलं."