चाळीस जन्मांवरून गावाला नाव ठेवू नका

'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेत ग्रामपंचायतीच्या दारात गुड्डा-गुड्डी फलक लावायची कल्पना आली. महिन्याला किती मुलगे जन्मले, किती मुली, हे गावाने येता-जाता पाहावे, हा हेतू चांगलाच आहे. अडचण सुरू होते ती त्या आकड्यांचे 'दर हजारी' गुणोत्तर काढून गावागावांची तुलना होऊ लागली की. ज्या गावात वर्षाला हजार सोडाच, शंभरही बाळे जन्मत नाहीत, तिथे दर हजारी आकडा काय सांगतो?

बोईसरच्या पश्चिमेला किनाऱ्यावर असलेल्या नवापूरसारखे गाव घ्या. तिथे वर्षाला ४० जन्म होतात असे समजू. जानेवारीत ३ मुलगे, १ मुलगी : गुणोत्तर ३३३. फेब्रुवारीत १ मुलगा, २ मुली. दोन्ही महिने मिळून ४ मुलगे, ३ मुली, म्हणजे ७५०. मार्चमध्ये १ मुलगा आणि ४ मुली आल्या की एकूण ५ मुलगे, ७ मुली, आणि आकडा थेट १४००. एप्रिलमध्ये दोन मुलगे झाले की बरोबर १०००. चार महिन्यांत गाव 'चिंताजनक'पासून 'आदर्श'पर्यंत जाऊन आले, आणि गावात कोणी काही केलेले नाही. प्रत्येक नव्या जन्मासरशी आधीच्या सगळ्यांसह पुन्हा काढलेल्या अशा सरासरीला चालती सरासरी म्हणतात. सुरुवातीला ती अशीच उड्या मारते, कारण एकेका बाळाचे वजन फार मोठे असते.

पुढे ती शांत होत जाते. मोठ्या संख्यांचा नियम सांगतो तो एवढाच. पण ती शांत का होते, याबद्दल बहुतेकांच्या मनात एक चुकीचे चित्र असते : मुलगे जास्त झाले, तर निसर्ग पुढे मुली देऊन हिशेब चुकता करतो. आता त्याच गावाचा हिशेब पुढे नेऊ. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. त्यानुसार ४० जन्मांत १९ किंवा २० मुली अपेक्षित. समजा, वर्षअखेर १७ मुली आणि २३ मुलगे झाले. गुणोत्तर ७३९, अपेक्षेपेक्षा अडीच मुली कमी. दुसऱ्या वर्षी १९ मुली, २१ मुलगे. दोन वर्षांचे मिळून ३६ मुली, ४४ मुलगे, गुणोत्तर ८१८. आकडा सुधारला, पण तूट अडीचवरून तीनवर गेली! जुनी तूट कोणी भरून काढली नाही. ती ८० जन्मांच्या गर्दीत छोटी दिसू लागली, इतकेच.

हे कागदावरचे उदाहरण झाले. खरोखर हजारो वेळा करून पाहिलेला प्रयोगही आहे. दक्षिण आफ्रिकेत गणित शिकवणारे जॉन केरिच १९४० मध्ये डेन्मार्कमध्ये असताना जर्मनांनी तो देश घेतला आणि केरिच नजरकैदेत अडकले. वेळ भरपूर होता. त्यांनी एक नाणे १०,००० वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल लिहून ठेवला. पहिल्या १०० वेळांत छाप ४४ वेळा पडली. हजाराला ५०२, पाच हजाराला २५३३, दहा हजाराला ५०६७. टक्केवारी ४४ वरून ५०.७ वर आली, निम्म्याच्या जवळ. पण निम्म्यापासूनचे अंतर मोजा : शंभराला ६, हजाराला २, पाच हजाराला ३३, दहा हजाराला ६७. टक्केवारी जवळ येत असताना प्रत्यक्ष फरक वाढत गेला. सरासरी स्थिरावते ती नाण्याला मागचे आठवते म्हणून नव्हे. त्याला काहीच आठवत नाही.

'दोन मुली झाल्या, आता तिसरा मुलगाच' असे सांगणारे घराघरांत भेटतात. कुणी मावशी, कुणी शेजारी. त्या बाईच्या गर्भालाही मागचे काही आठवत नाही. तिसऱ्या खेपेलाही मुलाची शक्यता पहिल्या खेपेइतकीच, निम्म्याहून किंचित जास्त. या एका गैरसमजापायी किती बाळंतपणे लादली गेली, याचा हिशेब कुठल्याच फलकावर नसतो.

मग सरासरी 'स्थिरावते' म्हणजे नेमके काय? अमुक जन्मानंतर ती खऱ्या आकड्यावर येऊन थांबते, असे नियम म्हणत नाही. तो म्हणतो : किती चूक चालेल ते तुम्ही ठरवा, पुरेसे जन्म मोजले, तर त्याहून मोठी चूक होण्याची शक्यता हवी तितकी कमी होते. आणि ती सावकाश कमी होते. चूक निम्मी करायची, तर जन्म चौपट लागतात. ४० जन्मांच्या गावात काहीही गैर नसताना मुलींची संख्या शंभरातल्या साधारण ९५ वर्षी १३ ते २६ यांच्या दरम्यान राहील. गुणोत्तरात तेच ४८१ ते १८५७! पाच वर्षांचे २०० जन्म एकत्र केले, तरी पट्टा ७१० पासून १२७० पर्यंत. ४००० जन्म असतील, तेव्हा कुठे तो ८९५ ते १०१५ इतका आवळतो. म्हणजे सहाशेवर आलेल्या छोट्या गावाला दोष देणे आणि बाराशेवर गेलेल्या गावाचा सत्कार करणे, दोन्ही सारखेच निराधार आहे.

याचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत, असा मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. एखाद्या गावात ८९४ हा आकडा निव्वळ योगायोग ठरला असता. पण ही संख्या सव्वा कोटीहून अधिक बालकांची आहे. एवढ्या संख्येत योगायोगाने मुली कमी-जास्त होतील त्या काही हजारांनी. प्रत्यक्षात नैसर्गिक प्रमाणापेक्षा त्या सुमारे दोन लाखांनी कमी आहेत. बालमृत्यूतला फरक धरला, तरी ही दरी बुजत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, आणि त्यानंतरचा हा आकडा आहे. नियमाची दुसरी बाजू इथे दिसते : सरासरी जिथे स्थिरावते ती जागा न्याय्यच असेल, याची हमी तो देत नाही. फासा मुद्दाम जड केलेला असेल, तर सरासरी त्या खोटेपणावरच घट्ट बसते.

म्हणून फलक राहू द्यावा, पण त्यावरून दर हजारी आकडा काढून टाकावा. मुलगे इतके, मुली इतक्या, गेल्या पाच वर्षांत इतके, बस्स. सुरुवातीपासूनची एकच बेरीजही चालवत राहू नये. आज सोनोग्राफीचा गैरवापर सुरू झाला, तर तो जुन्या चांगल्या वर्षांखाली झाकला जाईल. गुणोत्तर काढायचेच, तर तालुका किंवा जिल्ह्याच्या पातळीवर काढावे, आणि सोबत जन्मांची एकूण संख्या द्यावी.

आणि तिथे सरसकट सरासरीपेक्षा एक वेगळा प्रश्न विचारावा : पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसरे बाळ काय झाले? प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये देशभरातल्या अशा दुसऱ्या जन्मांचे गुणोत्तर मांडले. १९९० मध्ये ते ९०६ होते, २००५ मध्ये ८३६. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी घसरण दिसली नाही. निसर्गाला पहिल्या बाळाची आठवण नसते. ज्यांना असते, त्यांचा माग या नोंदीत लागतो, आणि ती नोंद आरोग्य केंद्राच्या प्रसूती रजिस्टरमधून काढता येते.