कागदावरचा नफा आणि पगारातून कापलेला कर

अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली, आणि त्या गावातील कित्येक घरांत तिचे समभाग आले. त्या घरांचे भाग्य कोणी हिरावून घ्यावे असे नाही. परंतु कायद्याने त्यांना कसे वागवले ते पाहण्यासारखे आहे. भाव कितीही वाढला तरी समभाग विकेपर्यंत एक पैसाही कर नाही. आणि २०१८ साली शेअर बाजारातील दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर बसला तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ करातून वगळण्यात आली. मालकीला इतके सौजन्य दाखवणारा हाच कायदा, तोच समभाग श्रमाचा मोबदला म्हणून मिळाला की एकाएकी घाईला येतो.

समजा, धुळ्याचा एक अभियंता पुण्यात बाजारात नोंदलेल्या एका कंपनीत नोकरीस आहे. १ जून २०२१ च्या पत्राने त्याला ४०० समभाग प्रत्येकी १०० रुपयांना घेण्याचा विकल्प मिळाला. दरवर्षी १०० विकल्पांवरचा हक्क पक्का व्हायचा. १ जून २०२२ ला बाजारभाव २५० होता, २०२३ च्या त्याच दिवशी ४००. पत्र मिळाले त्या दिवशी कर नाही, हक्क पक्का झाला त्या दिवशीही नाही. येथे पुष्कळांची फसगत होते. २००७ ते २००९ या काळात फ्रिंज बेनिफिट करासाठी हक्क पक्का होण्याच्या दिवसाचा भाव धरला जाई. तो कर गेला, समजूत मात्र राहिली. त्यानंतर मोजला जातो तो विकल्प वापरल्याच्या दिवसाचा भाव.

आपल्या अभियंत्याने १० जानेवारी २०२४ रोजी २०० विकल्प वापरले. त्या दिवशी बाजार ५९० ला उघडला आणि ६१० ला बंद झाला. नियमाने दोहोंची सरासरी घ्यायची, म्हणजे ६००. त्यातून त्याने भरलेले १०० वजा केले की प्रत्येक समभागामागे ५०० आणि एकूण १ लाख रुपये त्याच्या पगारात मिळवले गेले. तो ३० टक्क्यांच्या पायरीत असल्याने उपकरासह ३१,२०० रुपये पगारातून कापले गेले. समभागांचे २०,००० त्याने आधीच दिले होते. हाती रोकड काहीच आली नाही. खिशातून ५१,२०० गेले.

पुढे भाव पडला. १० फेब्रुवारी २०२५ ला त्याने ते सारे ३५० ने विकले व ७०,००० मिळाले. प्रत्यक्ष नफा ५०,०००, त्यावर कर ३१,२००. म्हणजे शंभरातले बासष्ट रुपये सरकारकडे! कायद्याच्या दृष्टीने मात्र विक्रीच्या वेळी त्याची खरेदी किंमत ६०० असल्याने त्याला ५०,००० चा भांडवली तोटा झाला. समभाग खाती जमा होऊन बारा महिने उलटले असल्यामुळे हा तोटा दीर्घकालीन. तो पगारातून वजा होत नाही, केवळ दीर्घकालीन भांडवली नफ्यातून, आणि तोही आठ वर्षांच्या आत. ज्याच्याकडे दुसरे समभाग नाहीत, जमीनजुमला नाही, त्याला हा हक्क म्हणजे पाणी नसलेल्या गिरणेचा पाट.

त्यावर कडी म्हणजे दलालाचा उतारा. त्यात खरेदी किंमत बहुधा १०० लिहिलेली असते. अभियंत्याने ती तशीच विवरणपत्रात उतरवली तर ५०,००० च्या तोट्याऐवजी ५०,००० चा नफा दिसेल, आणि पगारात एकदा कर भरलेल्या रकमेवर दुसऱ्यांदा कर लागू शकेल. म्हणून विकल्पाचे पत्र, विकल्प वापरल्या दिवशीच्या भावाचा कंपनीने दिलेला हिशेब आणि पगारावरील करकपातीचा दाखला, हे तीन कागद विक्रीपर्यंत हातचे सोडू नयेत.

'हे सुखवस्तू लोक; समाजवाद्यांनी त्यांची कड का घ्यावी?' असा प्रश्न विचारला जातो. मोबदला हा मोबदलाच आहे व त्यावर पगाराच्या दराने कर बसलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो न मिळालेल्या मोबदल्यावरील कराबद्दल. सरकारलाही हे कळते. २०२० साली प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्या नवउद्योगांतील नोकरांसाठी हा कर पुढे ढकलण्यात आला. पण त्या सवलतीतही आकारणी विकल्प वापरल्या दिवसाच्याच भावाने होते. मुदत वाढली, अन्याय तसाच राहिला.

मागणी करायची ती नेमकी करावी. कर पगाराच्याच दराने असावा, पण विक्रीच्या वेळी घ्यावा. आणि विक्रीचा भाव विकल्प वापरल्या दिवसाच्या भावाहून कमी असेल तर तो कमी भावच धरावा. बड्या व्यवस्थापकांनी वर्षानुवर्षे समभाग दाबून कर टाळू नये म्हणून मुदतीची मर्यादाही घालावी. कर्मचारी संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत हे कलम घालण्यास हरकत नसावी. उद्योगपतींच्या संघटना आपली निवेदने दरवर्षी न चुकता देतच असतात.